उरलेला भात आणि फ्रिज

भात शिजताना उकळत्या पाण्यात बहुतेक जंतू मरतात. परंतु ‘बॅसिलस सीरियस’ या जंतूचे बीजाणू तगून राहतात. भात कोमट झाला की ते रुजू लागतात. त्यांतून वाढलेल्या जंतूंनी एकदा विष सोडले, की भात पुन्हा तापवूनही ते नाहीसे होत नाही आणि वासावरून ओळखूही येत नाही. म्हणून भात लवकर निवविणे, हाच खरा उपाय होय.

रात्री आठ वाजता पातेलेभर भात उरला, असे समजा. ते पातेले तसेच फ्रिजमध्ये ठेवले, तर मधला भात काही तास कोमट राहतो आणि शेजारचे दूधही तापते. सकाळपर्यंत ओट्यावर ठेवणे तर त्याहून वाईट. भात परातीत बोटभर जाडीचा पसरावा आणि वाफ जाताच, नऊच्या आत, उथळ डब्यांतून फ्रिजमध्ये ठेवावा. वाटीभरच भात असेल, तर तो गरम ठेवण्यासही हरकत नाही.

फ्रिजमधील उष्णतामान ५ अंश सेंटिग्रेडच्या वर नसावे. असा भात दुसऱ्या दिवशी संपवावा. वरण वा भाजी तीन दिवस टिकते. खाण्यापुरतेच काढून, वाफा येईपर्यंत, एकदाच तापवावे.