पंधरा व्होल्टचा हिशेब
(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या गच्चीवर झालेल्या कार्यक्रमातील भाषण)



सेक्रेटरीसाहेबांनी मला सांगितलं, "सर, तुम्ही आयटीआयमध्ये तीस वर्षं इलेक्ट्रिशियनची पोरं शिकवलीत. गच्चीवरच्या सोलरवर दहा मिनिटं बोला." मी हो म्हटलं. पण वीजबिल किती वाचलं ते खजिनदार सांगतीलच. मला बोलायचं आहे ते ही पॅनेलं बसवणाऱ्या पोरांबद्दल. त्यांच्याकडे कोणता कागद असतो, कोणता असायला हवा, आणि कागदापलीकडे त्यांना काय यावं लागतं, याबद्दल.

सुरुवात आपल्या गेटपासूनच करतो. दोन वर्षांपूर्वी आपले वॉचमनकाका एका संध्याकाळी माझ्याकडे आले. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं एक सर्टिफिकेट. म्हणाले, "सर, पोराला सोलरच्या कोर्सला घातला. नऊ हजार भरले. सर्टिफिकेट बी मिळालं. पण कंपनीवाल्यांनी परत लावला. जरा बघा की काय झालंय ते."

मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन झालेला, हुशार. सर्टिफिकेट रंगीत, सोनेरी किनारीचं. पण त्यावर जॉब रोलचा कोड नव्हता, राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीतली लेव्हल नव्हती, परीक्षा कुणी घेतली तेही नव्हतं. सात दिवस पडद्यावर चित्रं दाखवली आणि आठव्या दिवशी फोटो काढून सर्टिफिकेट दिलं. गच्चीवर एकदाही नेलं नाही.

मी त्याला विचारलं, "कंपनीत काय विचारलं?" म्हणाला, "काहीच विचारलं नाही सर. एक केबल, दोन कनेक्टर, एक क्रिम्पिंगचा पाना आणि मीटर पुढं ठेवलं. म्हणाले, जोडून दाखव. मी तो पाना पहिल्यांदाच बघितला."

बघा, कंपनीची परीक्षा एवढीच होती आणि ती योग्यच होती. पॅनेलं एकमेकांना ज्या कनेक्टरनं जोडतात, त्याच्या आत धातूची एक छोटी पिन असते. केबल योग्य तेवढीच सोलायची, तांब्याची एकही तार बाहेर न ठेवता पिनमध्ये घालायची, त्याच मापाच्या पान्यानं दाबायची, ओढून बघायची आणि मग कनेक्टर टक् आवाज येईपर्यंत बसवायचा. पकडीनं दाबून चालत नाही. दोन वेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत बसले तरी जोडायचे नाहीत. सांधा ढिला राहिला की तो तापतो. घरातल्या एसी विजेत प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ठिणगी विझायला संधी असते. पॅनेलची वीज डीसी. तिथं ठिणगी एकदा धरली की जळत राहते, आणि ऊन आहे तोवर पॅनेलचं बटण बंद करता येत नाही. म्हणून कंपनीनं आधी त्याचा हात बघितला, कागद नंतर.

मी त्याला तीन कागदांचा फरक समजावून सांगितला. तुमच्यापैकी कुणाची मुलं-पुतणे या धंद्यात जाणार असतील तर त्यांनाही सांगा.

पहिला कागद प्रशिक्षणाचा. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयानं 2015 मध्ये 'सूर्यमित्र' कार्यक्रम सुरू केला. गुरुग्रामची राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्था तो बघते. कोर्स 600 तासांचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांचा, निवासी आणि मोफत अशा स्वरूपात सुरू झाला. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन, वायरमन, फिटर अशा ट्रेडचा आयटीआय झालेल्यांसाठी तो आखलेला. शेवटी परीक्षा शिकवणारी संस्था घेत नाही, ती हरित रोजगार कौशल्य परिषदेच्या पद्धतीनं बाहेरचा परीक्षक घेतो. त्या जॉब रोलचा कोड SGJ/Q0101. सर्टिफिकेटावर आधी हा कोड शोधायचा. शिवाय आयटीआयमध्ये 'सोलर टेक्निशियन (इलेक्ट्रिकल)' हा एक वर्षाचा ट्रेडही आहे.

दुसरा कागद परवान्याचा. इथं पुष्कळ पोरं फसतात. सूर्यमित्राचं सर्टिफिकेट म्हणजे वायरिंग करण्याचा परवाना नव्हे. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांप्रमाणे विजेच्या मांडणीचं काम परवानाधारक ठेकेदारानं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाकडूनच व्हावं लागतं. हे परमिट राज्याकडून घ्यायचं. आयटीआयचं प्रमाणपत्र त्यासाठी कामाला येतं. म्हणून मी त्याला म्हटलं, "तुझा जुना आयटीआयचा कागद कपाटात टाकू नकोस. तोच पाया आहे."

तिसरा कागद तंत्रज्ञाचा नाहीच, तो कंपनीचा. पीएम सूर्य घर योजना फेब्रुवारी 2024 मध्ये आली. तिचं अनुदान हवं तर काम नोंदणीकृत विक्रेत्याकडूनच करून घ्यावं लागतं. पॅनेलं भारतात बनवलेल्या सेलचीच लागतात. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000, म्हणजे जास्तीत जास्त 78,000 रुपये मिळतात. आपल्यासारख्या सोसायटीला सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे 18,000. पण नोंदणी विक्रेत्याची होते. गच्चीवर प्रत्यक्ष कोण चढलं, त्याच्याकडे कोणता कागद होता, हे तुम्ही-आम्ही विचारल्याशिवाय कळत नाही. काम पोटठेक्यानं दिलेलं असेल तर कंपनीलाही कधीकधी नावं माहीत नसतात.

असो. मुलानं पुन्हा अर्ज केला, मान्यताप्राप्त केंद्रात कोर्स केला, परमिटही काढलं आणि नोकरीला लागला. आणि योग असा की गेल्या वर्षी आपल्या गच्चीचं काम ज्या कंपनीला मिळालं, तिच्या गँगमध्ये तो होता. ज्या इमारतीच्या गेटवर वडील बसतात, तिच्याच गच्चीवर पोरगा कमरेला हार्नेस बांधून!

आता पंधरा व्होल्टची गोष्ट. आपली पॅनेलं 18, प्रत्येकी 540 वॅटची. म्हणजे 9.72 किलोवॅट. नऊ-नऊ पॅनेलच्या दोन माळा, ज्याला ही पोरं 'स्ट्रिंग' म्हणतात. इन्व्हर्टरला जोडण्याआधी प्रत्येक स्ट्रिंगचं मोकळं व्होल्टेज मोजायचं असतं, आणि मोजण्याआधी ते किती यायला हवं याचा हिशेब मांडायचा असतो. पॅनेलच्या मागच्या लेबलवर 49.5 व्होल्ट लिहिलेलं होतं, पण ते 25 अंशाला. पॅनेल तापलं की व्होल्टेज उतरतं, अंशामागे साधारण 0.27 टक्के. त्या दुपारी पॅनेल 55 अंशांपर्यंत तापलेलं. तीस अंशांना आठ टक्के गेले, राहिले साडेपंचेचाळीस. गुणिले नऊ, साधारण 410 व्होल्ट.

पहिल्या स्ट्रिंगला 410 आले. दुसरीला 395.

त्याचा वरिष्ठ म्हणाला, "ढग आला असंल. चालतंय, जोड." मी तिथंच उभा होतो. पोरगा हळूच म्हणाला, "ढगानं अँपिअर पडतात दादा. व्होल्टेज एवढं नाही पडत. आणि दोन्ही माळा एकाच उन्हात आहेत." बरोबर होतं त्याचं. त्यानं पुढं सांगितलं, की एखादं पॅनेल जोडायचंच राहिलं असतं तर 45 व्होल्ट कमी आले असते. एक उलटं जोडलं गेलं असतं तर त्याच्या दुप्पट, 91. पण पंधरा म्हणजे एका पॅनेलचा बरोबर तिसरा हिस्सा. पॅनेलच्या मागच्या डबीत तीन बायपास डायोड असतात, एकेक डायोड एकेका तिसऱ्या हिश्श्याचा. त्यातला एक शॉर्ट झाला की तेवढा हिस्सा गेला.

मग आयसोलेटर बंद आहे याची खात्री करून त्यानं एकेक पॅनेल सोडवून मोजलं. आठांना पंचेचाळीसच्या वर, आणि पाचव्याला फक्त 30. वरिष्ठ माणूसही चांगला निघाला. म्हणाला, "लिही रिपोर्टात." पॅनेल बदलून आलं. काम चार दिवस लांबलं आणि आपल्यातल्या काही जणांनी कुरकूर केली, त्यात मीही होतो.

तसंच जोडलं असतं तर काय झालं असतं? प्लँट चालूच झाला असता. इन्व्हर्टरवर हिरवा दिवा लागला असता, मीटर फिरला असता, अनुदानही आलं असतं. किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरली तर त्या एका हिश्श्यापायी वर्षाला अडीचशेच्या वर युनिट गेली असती आणि पंचवीस वर्षांत कुणाला पत्ता लागला नसता. महिन्याच्या आकड्यात एवढी घट पावसाळी हवेत लपून जाते. ती सापडायची वेळ एकच, जोडणीच्या आधीची.

योजनेला तंत्रज्ञाकडून आणखी एक गोष्ट लागते, ती दिसायला कारकुनी वाटते. प्रत्येक पॅनेलचा आणि इन्व्हर्टरचा अनुक्रमांक pmsuryaghar.gov.in या पोर्टलवर भरावा लागतो, जागेच्या नोंदीसह फोटो टाकावा लागतो. स्टिकर पॅनेलच्या मागे असतो. बसवून झाल्यावर तो वाचायला पुन्हा खाली शिरावं लागतं. म्हणून शहाणा तंत्रज्ञ पॅनेल वर चढवण्याआधीच फोटो काढतो. आपलं पाचवं पॅनेल बदललं तेव्हा यादीतला नंबरही त्यानं आठवणीनं बदलला. नाहीतर कागदावर एक पॅनेल आणि गच्चीवर दुसरं, आणि अनुदानाची फाइल अडकली असती.

आणि पुढची पाच वर्षं देखभाल विक्रेत्याच्या गळ्यात असते. ती करून घ्यायची तर आपल्याकडे पहिल्या दिवसाचे आकडे हवेत. म्हणून त्या दिवसाचा टेस्ट रिपोर्ट मी मागून घेतला. दोन्ही स्ट्रिंगचं व्होल्टेज, इन्सुलेशनचं मेगरचं माप, आणि डीसी, एसी व वीजरोधक अशा तिन्ही अर्थिंगचे ओहम त्यात आहेत. खाली सही त्या पोराची, सोबत परमिट नंबर. तो कागद सोसायटीच्या ऑफिसात, लिफ्टच्या लायसन्सशेजारी लावला आहे. दर मार्चमध्ये कंपनीचा माणूस आला की नवे आकडे त्याच्याशेजारी लिहून घ्यायचे, एवढी विनंती नव्या कमिटीला करतो.

वॉचमनकाकांना तो कागद वाचता येत नाही. पण परवा ऑफिसात पाणी द्यायला आले तेव्हा सहीवर बोट ठेवून मला म्हणाले, "सर, ह्यो आमचाच न्हवं का?" मी म्हटलं, "व्हय काका, तुमचाच." आणि ते सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट? ते मी त्याला फाडू दिलं नाही. मान्यताप्राप्त सर्टिफिकेटाबरोबर तेही फाइलीत ठेवलंय. पुढच्या पोराला दोन्ही शेजारी ठेवून दाखवता येतात.