मार्ग जाहिरातीचा नव्हे, ग्राहकाचा



अध्यक्षपदासाठी तुम्ही माझी निवड केलीत, त्याबद्दल आभार. अध्यक्षाने व्यवसायाचा आढावा घ्यावा असा संकेत आहे, पण आढावा कालच्या चर्चासत्रांत पुरेसा झाला आहे. मी एकच विषय घेतो. क्लायंटच्या केबिनमध्ये दर आठवड्याला होणारा एक वाद आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे. एक म्हणतो, मालाचे गुण सांगा, लोक हुशार आहेत. दुसरा म्हणतो, कोण वाचतंय, एखादा क्रिकेटपटू घ्या. दोघेही ठामपणे बोलतात, आणि बहुतेक वेळा ज्याचा पगार मोठा त्याचं म्हणणं टिकतं. या वादाला चाळीसेक वर्षांपूर्वी दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी एक उत्तर दिलं होतं. ते पुरतं समजून घेतलं, तर दोघांचंही म्हणणं अर्धवट आहे हे दिसतं.

रिचर्ड पेटी आणि जॉन कॅसिओपो ही ती जोडी. त्यांच्या सिद्धान्ताचं नाव एलॅबोरेशन लाइकलिहुड मॉडेल. समोर आलेल्या संदेशावर माणूस स्वतःच्या डोक्याने किती विचार करील, याची शक्यता कमी-जास्त होत असते, हा त्याचा गाभा. ती दोन गोष्टींवर ठरते: विचार करण्याची गरज वाटते का, आणि तो करणं जमतं का. दोन्ही असलं की माणूस सांगितलेली कारणं तपासतो, आपल्या अनुभवाशी ताडून पाहतो आणि मग मत बनवतो. हा मध्यवर्ती मार्ग. दोहोंतलं एक जरी नसलं, तरी मत बनतंच; पण ते कोण बोलतंय, सूर कसा आहे, चेहरा आवडता आहे का, अशा खुणांवर बनतं. हा परिघीय मार्ग. दोन टोकांच्या मधे बरीच मोठी जागा आहे आणि बहुतेक ग्राहक त्या मधल्या जागेतच कुठेतरी असतात.

हा सिद्धान्त जाहिरातीला लावून पाहणारा त्यांचा सर्वांत गाजलेला प्रयोग डेव्हिड शूमन यांच्याबरोबर झाला आणि 1983 साली ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये छापून आला. त्याची रचना आपल्या कामाच्या इतकी जवळची आहे की ती सावकाश सांगतो.

‘एज’ नावाचा, वापरून फेकून द्यायचा एक रेझर त्यांनी कल्पनेतच तयार केला. त्याची जाहिरात इतर जाहिरातींबरोबर एका पुस्तिकेत घातली आणि 160 विद्यार्थ्यांना ती पुस्तिका चाळायला दिली. निम्म्यांना सांगितलं, की हा रेझर लवकरच तुमच्या भागात विक्रीला येणार आहे आणि आज जाताना भेट म्हणून तुम्हाला एक रेझर निवडायचा आहे. उरलेल्यांना सांगितलं, की तो दूरच्या शहरांत येणार आहे, आणि भेट म्हणून निवडायची आहे ती टूथपेस्ट. म्हणजे पहिल्या गटाला रेझरबद्दल विचार करायचं कारण होतं, दुसऱ्याला नव्हतं.

मग कॉपी बदलली. काहींना सबळ मुद्दे मिळाले: थेट तुलनेच्या चाचणीत जवळच्या स्पर्धकापेक्षा दुप्पट वेळा गुळगुळीत दाढी, ओल्या हातातून निसटू नये म्हणून निमुळती आणि खाचा असलेली मूठ, धार लावण्याची नवी पद्धत. काहींना लंगडे मुद्दे मिळाले: रेझर पाण्यावर तरंगतो, तो अनेक रंगांत मिळतो, आणि स्पर्धकापेक्षा जास्त कापत नाही. शेवटी शिफारस करणारी माणसं बदलली. निम्म्या जाहिरातींत नावाजलेले खेळाडू होते, निम्म्यांत कॅलिफोर्नियातल्या बेकर्सफील्ड गावचे सामान्य नागरिक. दोन गुणिले दोन गुणिले दोन, असे आठ गट झाले.

निष्कर्ष असे. ज्यांना रेझर निवडायचा होता, त्यांच्या मतावर खेळाडूचा काहीच फरक पडला नाही; मुद्दे सबळ की लंगडे, यानेच त्यांचं मत ठरलं. ज्यांना रेझरशी देणंघेणं नव्हतं, त्यांचं रेझरविषयीचं मत खेळाडूंमुळे जास्त अनुकूल झालं. त्यांच्या बाबतीतही मुद्द्यांचा परिणाम पार पुसला गेला नव्हता, फक्त बराच कमी झाला होता. आणि व्यवसायाच्या दृष्टीने माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढची. मत आणि विकत घेण्याचा इरादा यांचा परस्परसंबंध विचार करणाऱ्यांत 0.59 होता, विचार न करणाऱ्यांत 0.36. खेळाडूमुळे ब्रँडविषयीचं मत सुधारलं, पण विकत घेण्याचा इरादा वाढल्याचं दिसलं नाही. परिघीय मार्गाने मिळालेली पसंती असते, पण ती पातळ असते. ती लवकर ओसरते आणि स्पर्धकाने जरा धक्का दिला की हलते. म्हणून खुणांवर उभ्या असलेल्या कॅम्पेनला मीडिया प्लॅनमध्ये सतत पुन्हापुन्हा दिसावं लागतं. तो खर्च सेलिब्रिटीच्या मानधनाच्या आकड्यात दिसत नाही, पण असतोच.

इथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, म्हणजे चेहरा परिघीय आणि मजकूर मध्यवर्ती. आपल्या प्रशिक्षण वर्गांतही हा सिद्धान्त असाच दोन रकान्यांत शिकवला जातो. माझा आक्षेप नेमका त्यालाच आहे. याच जोडीचा 1980 सालचा शाम्पूच्या जाहिरातीचा प्रयोग पाहा. तिथे शिफारस करणाऱ्यांच्या देखणेपणाचा परिणाम विचार करणाऱ्यांवर आणि न करणाऱ्यांवर सारखाच झाला. कारण शाम्पूच्या बाबतीत चमकदार केस हा पुरावाच आहे. विचार न करणाऱ्याला तो छान चेहरा वाटला, विचार करणाऱ्याला तो मालाचा नमुना वाटला. रेझरच्या जाहिरातीत खेळाडू कारण ठरू शकला नाही, पण बुटांच्या जाहिरातीत धावपटू ठरू शकतो. जाहिरातीतली कोणतीही गोष्ट जन्मतः मध्यवर्ती किंवा परिघीय नसते. समोरचा माणूस तिचं त्या क्षणी काय करतो, त्यावर ते ठरतं.

आपल्या घरात शिरलेलं उदाहरण घेऊ. 1980च्या दशकात स्वस्त निरमाने बाजार काबीज केल्यावर हिंदुस्थान लिव्हरच्या सर्फसाठी लिंटासने ललिताजी उभी केली. अलेक पदमसींची ती निर्मिती आणि कविता चौधरींची ती भूमिका. ललिताजींचा तोरा, ती साडी, भाजीवाल्याशी घासाघीस करणारा तो ठसका आजही आठवतो, म्हणून आपण ती जाहिरात व्यक्तिरेखेची मानतो. पण तिच्या पोटात एक हिशेब होता: अर्धा किलो सर्फ म्हणजे एक किलो स्वस्त पावडर, मग महाग कोण? महिन्याचा साबण घरखर्चातून स्वतः आणणाऱ्या बाईला तो हिशेब पडताळून पाहायची गरजही होती आणि तेवढं जमण्यासारखंही होतं. तिच्यासाठी ललिताजींचा काटेकोरपणा त्या हिशेबाचा पुरावा ठरत होता. शेजारी बसून टीव्ही पाहणाऱ्या, साबणाचा भाव माहीत नसलेल्या माणसाला मात्र फक्त ठसका दिसत होता. जाहिरात एक, मार्ग दोन, आणि दोन्ही शाबूत. निरमाशी किमतीत भांडता येत नसताना किमतीचाच अर्थ बदलायचं काम त्या हिशेबाने केलं.

दुसरी बाजू म्युच्युअल फंडाची. इथे गरज भरपूर आहे, स्वतःचे कष्टाचे पैसे आहेत. पण जमण्याचं काय? एक्स्पेन्स रेशो, एक्झिट लोड, निर्देशांकाशी तुलना हे सामान्य गुंतवणूकदाराला तीस सेकंदांत तपासता येत नाही, आणि जोखमीची सूचना वर्षानुवर्षं शेवटी भरधाव वाचली गेली. विचार करायची इच्छा असलेला माणूसही मग नाइलाजाने खुणांवर येतो: ओळखीचा चेहरा, मोठं नाव, जुनी बँक. ‘ज्याला फरक पडतो तो विचार करतोच’ हे गृहीतक इथे कोसळतं. सेबीने 2017 साली सेलिब्रिटींना म्युच्युअल फंडांच्या जाहिरातीत यायला मुभा दिली, ती फक्त संपूर्ण उद्योगाच्या जनजागृतीपुरती. एखाद्या विशिष्ट योजनेची किंवा फंड हाउसची भलामण त्यांनी करायची नाही. पेटी-कॅसिओपोंच्या नजरेने पाहिलं तर हा नियम नेमका आहे. गुंतवणुकीकडे लक्ष वेधायला चेहरा चालेल, पण कोणती योजना घ्यायची हे चेहऱ्याने ठरवू नये.

मग आपली कॉपी कोणत्या मार्गाने जाते, हे कसं ओळखायचं? संशोधक वापरतात ती पद्धत साधी आहे. जाहिरात दाखवा, कोरा कागद द्या आणि दोन-तीन मिनिटांत मनात आलेलं सगळं, एका ओळीत एक विचार, असं लिहायला सांगा. मग प्रत्येक ओळीला अनुकूल, प्रतिकूल किंवा तटस्थ अशी खूण करा. समजा, वॉटर प्युरिफायरची जाहिरात आहे. ‘बाई गोड दिसते’, ‘म्युझिक छान’ अशाच ओळी आल्या, तर माणूस मालापर्यंत पोचलेलाच नाही. ‘आमच्याकडे बोअरचं पाणी, चालेल का?’, ‘फिल्टर बदलायला किती लागतात?’ अशा ओळी आल्या तर तो मध्यवर्ती मार्गावर आहे, आणि तुमच्या कॉपीत त्याला उत्तर नाही. ‘सात टप्पे म्हणे, सात कशाला?’ ही ओळ तर लाखमोलाची. विचार झाला, पण उलटा. लंगडा मुद्दा लक्ष देणाऱ्यासमोर ठेवला, तर तो न ठेवण्यापेक्षा महागात पडतो.

सिद्धान्ताच्या मर्यादाही सांगायला हव्यात. सबळ मुद्दा म्हणजे काय, हे तो सांगत नाही. ज्याने अनुकूल विचार येतात तो सबळ, असं आधीच्या चाचणीवरून ठरवलं जातं, आणि टीकाकारांनी ही चक्राकार व्याख्या फार पूर्वीच दाखवून दिली. म्हणजे कारणं केव्हा चालतील हे त्यातून कळतं, कोणती चालतील हे आपल्यालाच शोधावं लागतं. दुसरं असं, की 2016च्या ‘मेनी लॅब्ज 3’ या सामूहिक पडताळणीत त्यांच्या एका जुन्या प्रयोगातला अपेक्षित नमुना दिसला नाही. पुढच्या वर्षी पेटी आणि सहकाऱ्यांनी मूळ प्रयोगाच्या अटी काटेकोर पाळल्या, तेव्हा तो दिसला. यातून आपण एवढंच घ्यावं, की मुद्दे नीट पारखले नसतील आणि प्रयोगाच्या अटी काटेकोर पाळल्या नसतील, तर हा फरक हाती लागत नाही. आपल्या घाईच्या रिसर्चमध्ये या दोन्ही गोष्टी राहून जातात.

शेवटी एक व्यावहारिक सूचना मांडतो. आपल्या ब्रीफच्या छापील नमुन्यात ‘टार्गेट ऑडियन्स’ या रकान्यात वय, उत्पन्न आणि शहर भरायची पद्धत आहे. तिथेच आणखी दोन ओळी वाढवाव्यात. ही जाहिरात दिसेल त्या क्षणी या माणसाला विचार करायचं कारण काय असेल? आणि तो करायला त्याच्याकडे वेळ आणि माहिती असेल का? या दोन ओळी कोऱ्या असतील, तर क्रिकेटपटू हवा की मुद्दे हवेत यावर क्लायंटशी वाद घालू नये. ब्रीफ परत पाठवावं. संघटनेने हा सुधारित नमुना तयार करून सर्व सभासदांना द्यावा, असा ठराव मी मांडतो. त्यावर इथेच चर्चा व्हावी.