पत्रा वर का उडतो?

(मदतनिधीच्या वार्षिक मेळाव्यात नाशिक येथे केलेले भाषण)



मी वक्ता नाही. छपरांची कामे करतो. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांतल्या पाड्यांवर आपण घरांसाठी पत्रे दिले, त्यांतली काही घरे मी नंतर जाऊन पाहिली. एका पाड्यावर मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात एका घराचे सहा पत्रे निघून गेले होते. आपण ते पुन्हा दिले. पुढच्या वर्षी तेच घर, तीच बाजू, पुन्हा पाच पत्रे गेले. दुसऱ्या वेळी एक पत्रा शेजारच्या अंगणात पडला. तिथे थोड्याच वेळापूर्वी मुले खेळत होती. तेव्हा मला वाटले की आता पत्रे मोजण्याआधी वारा काय करतो ते समजून घ्यावे.

घरची माणसे म्हणाली, "दादा, वारा खालून शिरला आणि पत्रा उचलला." हे अर्धे खरे आहे. दारे-खिडक्या घट्ट बंद असतानाही पत्रे गेलेली घरे मी पाहिली आहेत. तिथे वारा खालून शिरलाच नव्हता. मग उचलले कोणी?

आपल्या डोक्यावरच्या हवेला वजन असते. नाशिकच्या उंचीवर एका चौरस मीटर पत्र्यावर वरून नऊ टनांहून जास्त दाब असतो. पत्रा चेपत नाही, कारण घरातली हवा खालून तितक्याच जोराने वर ढकलत असते. दोन्ही बाजू सारख्या असतात, म्हणून आपल्याला काहीच जाणवत नाही. आता वरचा दाब फक्त अर्धा टक्का कमी झाला असे धरा. खालची हवा आहे तशीच आहे. म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे पंचेचाळीस किलोचा रेटा वर उरला. पत्रा वरून ओढला जातो असे आपण म्हणतो, पण खरे तर घरातलीच नेहमीची हवा त्याला वर ढकलत असते.

वरचा दाब कमी का होतो? वारा भिंतीवर आपटतो. पुढे वाट नाही, म्हणून तो वर चढतो आणि वळचणीच्या कडेवरून उडी मारल्यासारखा छपरावर जातो. तिथे त्याला पुन्हा आडवे वळायचे असते. गोफणीतला दगड वळत राहावा म्हणून दोरी आत ओढावी लागते. हवेला दोरी नसते. वळणाच्या बाहेर दाब जास्त आणि आत कमी असेल तरच ती वळते. वळणाची आतली बाजू म्हणजे आपल्या पत्र्याची वरची बाजू. शिवाय कडेवरून जाताना वाऱ्याचा वेग वाढतो, आणि वाहत्या हवेचा वेग वाढला की तिचा दाब उतरतो. ही दुसरी गोष्ट डॅनिएल बर्नुली यांनी 1738 साली छापलेल्या पुस्तकात पाण्याच्या प्रवाहाबद्दल मांडली होती. म्हणून सर्वात जोराची ओढ छपराच्या मध्यावर नसते, कडेला आणि कोपऱ्यात असते. त्या पाड्यावरचा पहिला पत्रा दोन्ही वेळा कोपऱ्यातलाच गेला होता.

आता हिशोब. ताशी शंभर किलोमीटरचा वारा घ्या. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले तेव्हा वारा याहून जोराचा होता, आणि किनाऱ्यालगतच्या गावांत पत्र्यांची छपरे मोठ्या प्रमाणात उडाली. त्याच वादळाचा उरलेला जोर पुढे नाशिककडे आला. अशा वाऱ्यात कडेच्या दहा फूट बाय तीन फूट पत्र्यावर वर जाणारा रेटा सव्वाशे किलोच्या पुढे जातो. पत्र्याचे स्वतःचे वजन जेमतेम बारा किलो. वाऱ्याकडच्या बाजूचे दार उघडे राहिले तर आत हवा कोंडते, आतला दाब वाढतो आणि तो रेटा दोनशे किलोच्या आसपास पोहोचतो. घरच्या माणसांचे "खालून शिरला" हे इथे खरे ठरते. वेग निम्मा झाला तर रेटा चौथ्या हिश्श्यावर येतो, म्हणजे बत्तीस किलोंच्या घरात. तोही पत्र्याच्या वजनापेक्षा जास्तच.

काही जण सांगतात की वादळात खिडक्या उघड्या ठेवा, दाब सारखा होतो. हे करू नका. वारा कोणत्या बाजूने येईल हे आपल्या हातात नसते, आणि चुकीची खिडकी उघडली तर आपणच पत्रा वर ढकलायला मदत करतो.

मग आपल्या आजोबांची कौले का उडत नसत? मंगलोरी कौलांचे छप्पर दर चौरस मीटरला चाळीस-पंचेचाळीस किलो भरते. शिवाय कौलांच्या फटींतून हवा वर निघते आणि खालचा-वरचा फरक कमी होतो. काही कौले सरकत, फुटत, पावसाळ्याआधी शाकारणी करावी लागे, पण सगळे छप्पर जात नसे. आपण कौले काढून पत्रे घातले. गळती थांबली, माकडांचा त्रास गेला, वजन दहाव्या हिश्श्यावर आले. जे काम वजन करत होते ते आता खिळ्यांना करायचे होते, आणि खिळे मात्र आपण पूर्वीसारखेच ठोकले. पत्रे वाटताना आपणही हूक आणि वायसर मोजून दिले नव्हते, हे इथे कबूल करतो.

पत्रा गेला की आधी भोके पाहावीत. भोक लांबट फाटले असेल तर पत्रा खिळ्याच्या डोक्यातून निसटला, म्हणजे वायसर लहान होता. भोक गोल आणि खिळा सरळ उपटलेला असेल तर लाकडाने पकड सोडली. पत्रे लाकडांसकट शेतात सापडले तर लाकूड भिंतीला बांधलेलेच नव्हते. त्या घरी पहिल्या वर्षी भोके फाटली होती. आम्ही मोठे वायसर घातले. दुसऱ्या वर्षी पत्र्यांनी वासाच उपटला. एक दुवा घट्ट केला की ओढ पुढच्या दुव्यावर जाते.

तिसऱ्या वेळी आम्ही खालून सुरुवात केली. भिंतीच्या माथ्यापासून दोन-अडीच फूट खाली लोखंडी सळई गाडली आणि तिचे वरचे टोक वाशावरून वळवून घेतले, म्हणजे छप्पर उचलायचे तर वाऱ्याला भिंतही उचलावी लागेल. पत्र्यांना खिळ्यांऐवजी जे-हूक आणि डांबरी वायसर लावले. वळचणीला आणि कोपऱ्यांत ते जवळजवळ, मध्ये विरळ. वळचण साडेतीन फूट बाहेर होती, ती दीड फुटावर आणली, कारण बाहेर आलेल्या पत्र्याला खालून ढकल आणि वरून ओढ एकदमच मिळते. पडवीचा पत्रा मुख्य छपरापासून वेगळा केला. गेला तर तो एकटा जाईल.

पत्र्यांवर ठेवलेले दगड आम्ही उतरवले. पंधरा-वीस किलोचा दगड दोनशे किलोला अडवत नाही, आणि पत्रा हलला की तो खाली झोपलेल्यांवर पडतो. घरच्या आजींना ते पटले नव्हते. त्यांनी एक दगड परत वर ठेवला होता, तो मागच्या खेपेला मी पुन्हा उतरवला.

हूक आणि वायसर मिळून एका घराचा खर्च दोन पत्र्यांच्या किमतीहूनही कमी येतो. यंदाच्या यादीत पत्र्यांच्या पुढच्या रकान्यात तो लिहिलेला आहे. वळीव सुरू होण्याआधी, एप्रिलमध्येच, प्रत्येक घराचे चारही कोपरे हाताने हलवून पाहायचे आम्ही ठरवले आहे.