प्रकल्पाची समाप्ती आणि मुख्य प्रतीची निवड



धरणग्रस्तांच्या मुलाखतींचा एखादा प्रकल्प संपतो, अहवाल सादर होतो आणि ध्वनिमुद्रणे एखाद्या हार्ड डिस्कवर पडून राहतात. दहा वर्षांनी ती ऐकायची वेळ येते, तेव्हा बोलणाऱ्यांपैकी अनेकजण हयात नसतात. त्यांची पुन्हा मुलाखत घेणे शक्य नसते. म्हणून कायम जपावयाची मुख्य प्रत प्रकल्प बंद करतानाच ठरवणे आवश्यक आहे.

समजा, 60 तासांच्या मुलाखती आहेत. सेकंदाला 48 हजार नमुने आणि प्रत्येक नमुना 24 बिटचा, अशा एकमार्गी ध्वनिमुद्रणाची वेव्ह फाईल तासाला सुमारे 0.52 गिगाबाइट जागा घेते. एकूण 31 गिगाबाइट होतात. तेच 128 किलोबिटच्या एमपी-थ्रीमध्ये साडेतीन गिगाबाइटमध्ये मावते. ही बचत आकर्षक वाटते. परंतु एमपी-थ्री कानाला फारसे जाणवणार नाहीत असे ध्वनितपशील कायमचे वगळते. पुढे गोंगाट कमी करताना किंवा पुसट शब्द उकलताना नेमके तेच लागतात. शिवाय एक टेराबाइटच्या डिस्कवर असे तीस प्रकल्प मूळ स्वरूपात सहज राहतात.

जागा कमीच असेल तर फ्लॅक हे स्वरूप निवडावे. त्यात फाईल बहुधा निम्म्याच्या आसपास येते आणि एकही बिट गमावला जात नाही. त्याचे तपशील खुले असून 2024 मध्ये ते इंटरनेट मानकांच्या मालिकेत प्रसिद्ध झाले आहेत.

एक फसगत मात्र टाळावी. एमपी-थ्रीची वेव्ह केली, तर आकार वाढतो, गेलेला ध्वनी परत येत नाही. अशा फाईलचा वर्णपट पाहिला, तर अनेकदा 16 किलोहर्ट्झच्या आसपास ध्वनी सरळ रेषेत कापलेला दिसतो. मुद्रणच एमपी-थ्रीमध्ये झाले असेल, तर तीच फाईल न बदलता मुख्य प्रत मानावी. गोंगाट काढलेली, संपादित प्रत वेगळी ठेवावी. ती मूळ मुद्रणाची जागा घेऊ शकत नाही.

मुलाखतींच्या लिखित प्रतींमध्ये दोष लपून राहतो. जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला मराठी मजकूर पीडीएफमध्ये नीट दिसतो. पण कॉपी करून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरांची गिचमीड उमटते. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून, मुळाशी ताडून, साध्या मजकूर फाईलमध्ये व पीडीएफ-ए स्वरूपात ठेवावा.

शेवटी, प्रत्येक फाईलचा एसएचए-256 पडताळणी अंक काढून नोंदवावा आणि तीन प्रती कराव्यात. त्यांतील एक दुसऱ्या गावी असावी. वर्षातून एकदा अंक पुन्हा काढून जुळवावेत. अंक जुळला नाही, तर फाईल बदलल्याचे कळते. पण तिची दुरुस्ती होत नाही. ती दुसऱ्या निर्दोष प्रतीवरूनच करता येते.