सोमवारचं टिपण, मार्चचा अहवाल

विद्यापीठातल्या एखाद्या प्रयोगशाळेला सरकारी निधी मिळाला, की मंजुरीच्या पत्राबरोबर हिशेबाची बांधिलकीही येते. पूर्वी हा निधी बऱ्याच जणांना विज्ञान आणि अभियांत्रिकी संशोधन मंडळाकडून मिळायचा. २०२३ च्या कायद्यानंतर ते मंडळ अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशनमध्ये विलीन झालं. निधी कुणाचाही असो, वर्षाकाठी साधारण तीन कागद द्यावे लागतात: कामाचा प्रगती अहवाल, खर्चाचं विवरण आणि उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे सगळे ज्याला ‘यूसी’ म्हणतात ते. शेवटच्या दोन कागदांसाठी लेखा विभाग असतो. पहिला कागद मात्र प्रमुख संशोधकाला आणि त्याच्या विद्यार्थ्यांनाच लिहावा लागतो. तो मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आठवणीवर भिस्त ठेवून लिहिला जातो, आणि मग फसतो.

या अहवालाचा कच्चा माल खरं तर वर्षभर तयार होत असतो, आणि तो असतो गटाच्या साप्ताहिक बैठकीच्या टिपणांत. आज त्याबद्दल बोलायचं आहे.

प्रयोगशाळेत नोंदी तीन ठिकाणी होतात. कोणत्या दिवशी कोणतं द्रावण घेतलं आणि किती आकडा आला, हे प्रयोगाच्या वहीत असतं. काय विकत घेतलं आणि बिल कधी भागलं, हे लेखा विभागात असतं. पण अमुक प्रयोग का थांबवला, तमुक पद्धत का बदलली, हे या दोन्हींत नसतं. तो निर्णय सोमवारी सकाळी चार जणांच्या चर्चेत होतो आणि फक्त बैठकीच्या टिपणात उतरतो. निधी देणाऱ्या संस्थेची तज्ज्ञ समिती नेमकं तेच विचारते: ठरवलं होतं त्यात फरक का पडला?

एक उदाहरण घेऊ. ते रचलेलं आहे, पण त्यातलं रसायनशास्त्र खरं आहे. समजा, एका गटाला विहिरीच्या पाण्यातलं फ्लोराइड कमी करण्याचा प्रकल्प मिळाला. आपल्याकडे यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या भूजलात हा प्रश्न आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल, तर मर्यादा दीड मिलिग्रॅमपर्यंत ताणता येते. मंजुरीच्या पत्रात तीन उद्दिष्टं आहेत. पहिलं, अॅल्युमिनाचा लेप दिलेले मातीचे दाणे बनवणं. दुसरं, ते प्रयोगशाळेतल्या आणि विहिरीच्या पाण्यावर तपासणं. तिसरं, घरगुती गाळणी बनवून गावात वापरून पाहणं.

आता टिपणं पाहू. जुलैतलं एक टिपण म्हणतं: ‘दाणे उत्तम. ऊर्ध्वपातित पाण्यात फ्लोराइड ५ वरून ०.६.’ ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी लिहिलंय: ‘विहिरीचं पाणी, ३.२ वरून १.९ च. इलेक्ट्रोड तपासला, उतार ५१. मापनं रद्द.’ फ्लोराइड मोजायच्या इलेक्ट्रोडचं असं असतं, की फ्लोराइडचं प्रमाण दहापट बदललं, तर २५ अंश तापमानाला त्याच्या वाचनात साधारण ५९ मिलिव्होल्टचा फरक पडायला हवा. ५१ आला, तर त्या दिवशीच्या आकड्यांवर विसंबता येत नाही. पुढच्या सोमवारचं टिपण: ‘इलेक्ट्रोड स्वच्छ केला, द्रावणं नवी, उतार ५८. विहिरीचं पाणी पुन्हा, ३.२ वरून २.०.’

म्हणजे इलेक्ट्रोड सुधारला, पण निकाल तसाच राहिला. मग कुणीतरी विहिरीच्या पाण्याचा पीएच पाहिला, तो ८.१ निघाला आणि बायकार्बोनेटही भरपूर. त्यांनी ऊर्ध्वपातित पाण्यात फ्लोराइडबरोबर तेवढंच बायकार्बोनेट घालून पाहिलं, तर तिथेही फ्लोराइड निघण्याचं प्रमाण घसरलं. मग विहिरीचं पाणी थोडं आम्ल घालून पीएच ६ वर आणलं, तेव्हा फ्लोराइड ०.७ पर्यंत उतरलं. पीएच चढला, की अॅल्युमिनाच्या पृष्ठभागावरचा धनभार कमी होतो आणि फ्लोराइडला धरून ठेवायला जागा कमी उरते. सप्टेंबरअखेरच्या बैठकीत ठरलं: घरोघरी आम्ल वापरायला सांगता येणार नाही, तेव्हा गाळणी बनवण्याआधी वेगळा लेप करून पाहायचा.

ही टिपणं जशीच्या तशी अहवालात चिकटवली, तर काय होईल? ज्यानं फक्त ऑगस्टचं पहिलं टिपण पाहिलं, तो लिहील की इलेक्ट्रोड बिघडल्यामुळे काम लांबलं. ज्यानं जुलैचं पाहिलं, तो लिहील की दाणे ८८ टक्के फ्लोराइड काढतात. दोन्ही वाक्यं टिपणांत सापडतात, आणि दोन्ही वाचणाऱ्याला चुकीच्या ठिकाणी नेतात. म्हणून टिपणं शेवटाकडून वाचत यावीत. सप्टेंबरचा निष्कर्ष आधी कळला, की ऑगस्टमधला संशय हा फक्त संशय होता, हे आपोआप उघड होतं.

दुसरी गोष्ट मांडणीची. टिपण तारखेप्रमाणे चालतं, अहवाल उद्दिष्टांप्रमाणे. त्यामुळे टिपण लिहितानाच प्रत्येक मुद्द्यापुढे उद्दिष्टाचा क्रमांक टाकावा: उ१, उ२, उ३. खरेदी, नेमणूक, दुरुस्ती यांसाठी वेगळी खूण ठेवावी. कोणत्याच क्रमांकात बसत नाही असं काम आठवड्यामागून आठवडे दिसू लागलं, तर गट मंजूर विषयापासून सरकतो आहे किंवा दुसऱ्या प्रकल्पाचं काम इथे मोजलं जातं आहे. एकच काम दोन संस्थांच्या अहवालांत दाखवलं गेलं, तर ते तपासणीत अडचणीचं ठरतं.

टिपण अर्ध्या पानाचं पुरतं. प्रत्येक मुद्द्याला चार गोष्टी हव्यात: काय केलं, काय आढळलं, काय ठरलं, आणि प्रयोगवहीचं पान कोणतं. विद्यार्थ्यांनी पाळीपाळीनं लिहावं आणि त्याच दिवशी लिहावं. महिनाअखेर एकानं सगळे मुद्दे एक्सेलच्या तक्त्यात क्रमांकाप्रमाणे लावावेत. वर्षाचे बारा तक्ते झाले, की अहवालाचा सांगाडा हाताशी येतो.

तरी आकडे टिपणातून उचलू नयेत. टिपणात ‘५ वरून ०.६’ एवढंच आहे. ते एकदाच मोजलं की तीनदा, दाणे किती ग्रॅम होते, पाणी किती वेळ त्यांच्यात राहिलं, हे वहीच्या पानावर आहे. टिपण फक्त पानापर्यंत नेतं. अहवालात जाणारा प्रत्येक आकडा वहीशी पडताळून मगच लिहावा. बैठकीत उत्साहानं सांगितलेला पहिला आकडा अहवालात अंतिम म्हणून बसण्याचा धोका याच टप्प्यावर टळतो.

टिपणांतला एक शब्द मात्र संशयानं वाचावा: ‘सुरू आहे’. तो एका मुद्द्यापुढे लागोपाठ पाच-सहा आठवडे दिसला, तर काम अडलेलं आहे असं समजावं आणि कारण शोधावं. आपल्या उदाहरणात तिसऱ्या उद्दिष्टापुढे ऑगस्टपासून ‘सुरू आहे’ असतं. खरेदीच्या खुणेखालच्या ओळी पाहिल्या, की कळतं: गाळणीला लागणारे जास्त दाणे भाजायच्या भट्टीची मागणी जीईएम पोर्टलवर जुलैत टाकली, आणि भट्टी आली नोव्हेंबरात. हे कारण अहवालात तारखांसह लिहावं. पैशाच्या विवरणाशी ते जुळायलाही हवं. मागणी नोंदवली म्हणजे खर्च झाला असं होत नाही. ३१ मार्चपर्यंत जे बिल भागलं, तेवढाच खर्च. केंद्र सरकारच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांतल्या १२-ए या नमुन्यात स्वायत्त संस्थांचं उपयोगिता प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यात भट्टीचे पैसे शिल्लक दिसत असतील आणि अहवालात भट्टीवर केलेलं काम दिसत असेल, तर पहिला प्रश्न तिथेच येणार.

आता दुसऱ्या उद्दिष्टाखाली अहवालात काय जाईल, ते ऐका. प्रत्यक्षात हे इंग्रजीत लिहिलं जातं, मी आशय सांगतो. ‘ऊर्ध्वपातित पाण्यात दाण्यांनी फ्लोराइड ५ वरून ०.६ मिलिग्रॅमवर आणलं. विहिरीच्या पाण्यात ते ३.२ वरून २.० वरच थांबलं, म्हणजे मर्यादेच्या वरच राहिलं. कारण तपासलं असता जास्त पीएच आणि बायकार्बोनेट हे असल्याचं दिसलं. पीएच ६ केल्यावर निकाल ०.७ आला. सदोष उतार असलेल्या दिवसाची मापनं यात धरलेली नाहीत. घरगुती वापरात आम्ल टाळायचं असल्यानं लेपाची रचना बदलत आहोत. उद्दिष्ट तेच आहे, पद्धत बदलली आहे.’

शेवटचं वाक्य मुद्दाम लिहिलेलं आहे. पद्धत बदलली, तर कारण देऊन कळवणं पुरतं. उद्दिष्टच बदलायचं असेल, तर निधी देणाऱ्या संस्थेची आधी परवानगी लागते. गट यातलं नेमकं काय करतो आहे, हे सप्टेंबरच्या त्या एका ओळीवरून ठरतं: गाळणी रद्द केली, की गाळणीच्या आधी एक पायरी घातली. टिपण लिहिणाऱ्या विद्यार्थ्यानं ती ओळ ‘गाळणी नंतर पाहू’ अशी लिहिली असती, तर मार्चमध्ये कुणालाच खात्रीनं सांगता आलं नसतं.

न जमलेला निकाल लिहिताना बरेच जण कचरतात. पुढचा हप्ता अडेल अशी भीती असते. पण समितीत रसायनशास्त्रज्ञ बसलेले असतात. फक्त ऊर्ध्वपातित पाण्याचे आकडे दिले आणि विहिरीच्या पाण्याबद्दल मौन पाळलं, तर ते मौन त्यांना लगेच दिसतं. विहिरीचा वाईट आकडा, त्याचं तपासलेलं कारण आणि त्यावरून घेतलेला निर्णय, हे तिन्ही एकत्र दिले, की तोच भाग अहवालातला सर्वांत भक्कम भाग होतो.

अहवालाच्या शेवटी पुढच्या वर्षाचा आराखडा मागितलेला असतो. तोही नव्यानं रचायची गरज नसते. वर्षभराच्या टिपणांतले ‘ठरलं’ या रकान्यातले मुद्दे काढावेत आणि त्यांतले अजून पूर्ण न झालेले वेगळे करावेत. आपल्या गटाच्या यादीत नव्या लेपाची चाचणी असेल, भट्टी आल्यामुळे त्यानंतर सुरू करता येणारी गाळणी असेल, आणि गावातल्या आणखी विहिरींच्या पीएचची मोजणी असेल. या कामांना महिने नेमून दिले, की आराखडा तयार होतो आणि पुढच्या सोमवारच्या बैठकीची विषयपत्रिकाही.