बुद्रुक, खुर्द आणि चुकलेली बेरीज



अध्यक्षीय भाषणात सगळ्या क्षेत्राचा आढावा घेण्याची प्रथा आहे. ती मोडून मी आज एकाच रकान्याबद्दल बोलणार आहे. तो रकाना गावाच्या नावाचा.

पुण्यातल्या कोंढव्याचे उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते आहेत. अर्जांची यादी गावानुसार गटवली आणि सहा ओळी आल्या: ‘कोंढवा बुद्रुक’ ४२, ‘कोंढवा बु.’ ३१, ‘कोंढवा बु॥’ १८, ‘कोंढवा खुर्द’ २७, ‘कोंढवा खु.’ ९ आणि नुसते ‘कोंढवा’ १४. एकूण अर्ज १४१. एखादा घाईतला माणूस पहिला शब्द ठेवून बाकीचे छाटतो. मग एकच ओळ उरते, कोंढवा १४१. एकूण बेरीज जुळते, म्हणून कोणालाच शंका येत नाही. पण बुद्रुक आणि खुर्द ही दोन वेगळी गावे आहेत. खरे उत्तर बुद्रुक ९१, खुर्द ३६ आणि अनिर्णीत १४ असे आहे. हे चौदा अर्ज ‘मोठ्या गावाचेच असणार’ म्हणून बुद्रुकात ढकलायचे नाहीत. पत्त्यातला सर्व्हे नंबर पाहायचा, आणि तरीही कळले नाही तर अहवालात ‘अनिर्णीत’ अशी ओळ छापायची. अशा ओळीची लाज वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

यावर हल्ली सुचवला जाणारा उपाय म्हणजे अक्षरांच्या जवळिकीवरून नावे जोडणे. तो देवनागरीतल्या गावांच्या नावांवर नेमका उलटा चालतो. ‘बुद्रुक’ आणि ‘बु॥’ यांत अक्षरांचे अंतर बरेच, पण गाव एक. ‘सांगली’ आणि ‘सांगवी’ यांत एकाच अक्षराचा फरक, पण गावे निराळी. ‘कोंढवा’ आणि एनडीएच्या बाजूचे ‘कोंढवे धावडे’ यांचा पहिला शब्दही असाच जवळचा, पण गावे निराळी. जवळिकीचा गुण माणसापुढे संशयित जोड्या मांडण्यापुरता वापरावा आणि तोही एकाच तालुक्याच्या आत. निर्णय त्याच्यावर सोडू नये.

मग यंत्रावर काय सोडावे? जे फरक केवळ टंकलेखनाचे आहेत ते. ‘कऱ्हाड’ घ्या. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरून लिहितो, कोणी साधा र, हलन्त आणि U+200D हे न दिसणारे जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण गटवताना दोन ओळी पडतात. युनिकोडचे NFC सामान्यीकरण र आणि खालचा नुक्ता मिळून ऱ करते, पण जोडचिन्हाच्या रूपाला हात लावत नाही. तो बदल आपल्यालाच लिहावा लागतो. त्याऐवजी सगळी अदृश्य चिन्हे सरसकट पुसली, तर ‘कर्‍हाड’चा रफार होऊन ‘कर्हाड’ उमटते. तुलनेसाठीची किल्ली आणि छापायचे नाव हे दोन वेगळे रकाने ठेवायचे ते यासाठी. संक्षेपांचेही असेच आहे. ‘बु॥’ मधले दोन दंड कोणी एकेक करून टंकतो, कोणी त्याजागी इंग्रजी कळफलकावरच्या उभ्या रेघा देतो. ‘बु:’ मध्ये विसर्ग आहे की अपूर्णविराम, हे डोळ्यांना सांगता येत नाही. ही सगळी रूपे यंत्राने बिनधास्त ‘बुद्रुक’ करावीत.

शुद्धलेखनाचे फरक मधल्या पायरीवर येतात. ग्रामनामातले ‘पूर’ दीर्घ लिहावे असा आपला नियम आहे, म्हणून ‘सोलापुर’ चे ‘सोलापूर’ करायला हरकत नाही. मात्र ‘सोलापुरात’ हे रूप ऱ्हस्वच बरोबर आहे, तेव्हा आधी विभक्ती काढायची आणि मग दुरुस्ती करायची. ‘कऱ्हाड’ आणि ‘कराड’ एकत्र करणे मात्र नियमाचे काम नाही. ते तक्त्यात हाताने नोंदवायचे, नोंदवणाऱ्याच्या नावासह आणि तारखेसह.

या तक्त्याच्या उजव्या बाजूला नाव न ठेवता संकेतांक ठेवा. जनगणनेने २०११ साली गावांना सहा आकडी संकेतांक दिले आहेत. नावे बदलतात, उस्मानाबादचे धाराशिव झाले, अहमदनगरचे अहिल्यानगर. संकेतांकावर बेरीज केली की जुन्या आणि नव्या नावाखालच्या नोंदी आपोआप एका ओळीत येतात.

तपासणी दोन्ही बाजूंनी करावी. एका संकेतांकाखाली कोणकोणती लेखने आली ते वाचा, आणि एक लेखन दोन संकेतांकांकडे जाते का तेही पाहा. कोंढव्याची चूक दुसऱ्या तपासणीत लगेच सापडते, कारण नुसते ‘कोंढवा’ हे नाव दोन गावांना लागू पडते. एकूण बेरीज जुळणे हा पुरावा नव्हे.

माझी विनंती एवढीच आहे. अर्जदाराने लिहिलेले मूळ नाव कधीही पुसू नका, आणि आपापल्या तालुक्याचा तक्ता कपाटात न ठेवता शेजारच्या कार्यालयाला द्या.