रंग बदलला म्हणजे पिशवी सडली नव्हे
(हिंगोली जिल्ह्यातील कार्यकर्त्या मैत्रिणींच्या शिबिरात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो, आपल्याकडच्या बाया ऊसतोडीला जातात. पाळीत तपकिरी जायला लागलं की घाबरतात. मग कुणीतरी सांगतं, पिशवी सडली, काढून टाका. आपल्याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, २०१९ साली शासनाच्या समितीने ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी केली. त्यातल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. म्हणून आज रंगाबद्दल बोलू.

पाळीचं कापड धुताना आपण पाहतोच, ताजा डाग लालभडक असतो आणि वाळला की तपकिरी होतो. रक्तातल्या लोहाला हवा लागते म्हणून हे होतं. अंगातही तसंच घडतं. रक्त जोरात आलं तर लालभडक दिसतं, सावकाश आलं तर गडद, आणि फार रेंगाळलं तर तपकिरी. गुलाबी पाणी म्हणजे थोडं रक्त पांढऱ्या स्रावात मिसळलेलं.

समजा, तिशीतल्या एका बाईला पहिल्या दिवशी गुलाबीसर जातं, दुसऱ्या दिवशी लालभडक, तिसऱ्या दिवशी गडद आणि पाचव्या दिवशी तपकिरी डाग पडतात. दर महिन्याला असंच होतं. हिला आजार नाही, तिची पाळी संपत आली आहे एवढंच.

आता तिचीच पाळी दीड महिना चुकली आणि मग तपकिरी डाग दिसले, तर अर्थ बदलतो. आधी लघवीची तपासणी करून दिवस गेलेत का ते पाहायचं. सोबत पोटात एका बाजूला कळ येत असेल किंवा चक्कर येत असेल, तर गर्भ नळीत असू शकतो. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठायचा.

लालभडक रक्ताने तासातासाला घडी भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, तर हिमोग्लोबिन तपासायला हवं. रक्त फिकं दिसतं म्हणून अंगात रक्त कमी, असं मात्र ठरवता येत नाही. संबंधानंतर लाल जात असेल, पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर कुठल्याही रंगाचा डाग पडला, किंवा घाण वासाचं गुलाबी पाणी जात असेल, तर पिशवीच्या तोंडाची तपासणी टाळू नका. त्यात कर्करोगही निघू शकतो. पण पुष्कळदा नुसता जंतुसंसर्ग असतो आणि तो गोळ्यांनी बरा होतो.

तेव्हा बाईला नुसता रंग विचारू नका. कधी गेलं, किती गेलं, वास आहे का, दुखतं का, हेही विचारा आणि वहीत तारखेनिशी लिहा. आणि डॉक्टर पिशवी काढायची म्हणाले तर विचारा: आत पाहून तपासलं का? सोनोग्राफीत काय निघालं? आधी औषध देऊन पाहिलं का? उत्तर मिळालं नाही, तर सही करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.